यात न धरलेल्या बाबी

ज्याला गणित येतं त्याला या जगात कोणी फसवू शकत नाही. साताऱ्याच्या एका खाजगी हायस्कुलात वीस वर्षं अंकगणित शिकवणाऱ्या चिंतामण आगटे मास्तरांचा हा सिद्धांत होता, आणि तो ते दर जूनमध्ये नव्या वर्गाला पहिल्या तासाला ऐकवत. सेहेचाळीस सालच्या डिसेंबरात त्यांच्याकडे एका कंत्राटदाराचा अंदाजपत्रकाचा कागद आला. जानेवारी संपायच्या आत सिद्धांत निकालात निघाला. विशेष म्हणजे त्या कागदातलं गणित अगदी बरोबर होतं.

खोली बांधायची होती ती पद्माबाईंसाठी. मास्तरांच्या पत्नी चौदा महिने मिरजेजवळच्या एका आरोग्यधामात क्षयाच्या दुखण्यानं पडून होत्या. त्या तिकडे गेल्या तेव्हा धाकटा मधुकर दीड वर्षांचा होता. आता तो पावणेतीनचा झाला होता आणि 'आई कुठं आहे' म्हटलं की भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवत होता. घरात फोटोकडे बोट दाखवायची पद्धत सहसा गेलेल्या माणसांच्या बाबतीत असते, म्हणून मास्तर तो प्रश्न विचारत नसत. पण आलेगेले नेमका तोच विचारत.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, "तब्येत सुधारते आहे. पंधरा मार्चला सोडू. पण घरी स्वतंत्र खोली पाहिजे. समोरासमोर खिडक्या, पूर्वेचं ऊन. खिडक्या रात्रंदिवस उघड्या. अशी खोली असेल तर घरी न्या, नाहीतर नेऊ नका. घरात मुलं आहेत." नाहीतर काय, याचं उत्तर सांगलीला होतं. तिथं पद्माबाईंचे भाऊ होते, त्यांचं घर होतं, आणि त्या घरात मुलं नव्हती. म्हणजे आणखी वर्षभर फोटोच.

आगट्यांच्या घरामागे एक मातीची पडवी होती. ती उतरवून तिथं विटांची, चार खिडक्यांची, सोळा बाय बाराची खोली करायची असं ठरलं. एक बाजू घराच्या जुन्या भिंतीची, तिला दार होतंच. तीन भिंती नव्या. मास्तरांनी फंडातून कर्ज काढलं, पद्माबाईंच्या पाटल्या मोडल्या, आणि दोन्ही मिळून पंधराशे रुपये उभे केले.

कंत्राटदार मेव्हण्यांनी सुचवला. आप्पासो हा सांगलीकडचा गडी. लढाईच्या दिवसांत त्यानं लष्कराच्या बराकी बांधल्या होत्या, आणि तिथून येताना तो दोन गोष्टी घेऊन आला होता: एक खाकी टोपी आणि दुसरी, प्रत्येक काम कागदावर लिहून द्यायची सवय. साताऱ्यातले बाकीचे कंत्राटदार पडवीकडे बघून, आभाळाकडे बघून, "बाराशे-पंधराशेच्या घरात जाईल" म्हणत. आप्पासोनं फीत लावून मापं घेतली आणि चार दिवसांनी दोन ताव लिहून आणले.

"मास्तर, आपलं काम पांढऱ्यावर काळं. मागनं तुमी न्हाई, आमी न्हाई."

ओसरीवर मास्तरांचे वडील तात्या बसले होते. तात्या दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं लोकांचे कागद वाचून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन घरी बसलेले. त्यांना समोरचा माणूस आवाजावरून कळे. कागद मात्र दुसऱ्यानं वाचून दाखवावा लागे.

"वाच," तात्या म्हणाले.

मास्तरांनी लाल शाईची टाक-दौत जवळ ओढली, चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

"जुनी पडवी उतरवणे, माल रचून ठेवणे, उक्ते, पंचेचाळीस रुपये. पायाचे खोदकाम, त्रेचाळीस फूट लांब, अडीच रुंद, तीन खोल. म्हणजे तीनशे साडेबावीस घनफूट. शंभर घनफुटांचा ब्रास, तेव्हा तीन पूर्णांक दोनशे पंचवीस सहस्रांश ब्रास. दर आठ रुपये. पंचवीस रुपये बारा आणे दहा पै." मास्तर थांबले. ओठ हलले. "बरोबर."

"बरुबरच असनार की," आप्पासो म्हणाला.

"पाया व जोते, दगडकाम चुन्यात, चार पूर्णांक तीस ब्रास, दर साठ, दोनशे अठ्ठावन्न. बरोबर. विटकाम चुन्यात, लांबी त्रेचाळीस, रुंदी दीड, उंची दहा, सहा पूर्णांक पंचेचाळीस ब्रास, दर ऐंशी, पाचशे सोळा. वा!"

"वा काय त्यात?" तात्या म्हणाले.

"एकही पै शिल्लक नाही, तात्या. नेमके पाचशे सोळा."

मग गिलावा झाला, मंगलोरी कौलांचं छप्पर वासे-रिपांसकट झालं, शहाबादी फरशी झाली. प्रत्येक कलमापुढे मास्तर लाल शाईनं बरोबरची खूण करत होते. आप्पासो वर्गात उभा केल्यासारखा बसला होता. शेवटी बेरीज आली आणि मास्तरांचा टाक हवेतच राहिला.

"चौदाशे साठ रुपये सहा आणे?"

"व्हय."

"पुन्हा सांगा."

"चौदाशे साट, सा आणं."

मास्तरांनी बेरीज खालून वर केली, मग वरून खाली केली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे तेज पसरलं ते शाळेत फक्त इन्स्पेक्टर चुकला तरच पसरत असे. "पैचे दोन आणे आले. आण्यांचे तीस आणि हे दोन, बत्तीस. बत्तीस आणे म्हणजे दोन रुपये. चौदाशे अठ्ठावन्न आणि दोन. चौदाशे साठ! सहा आणे कुठून आले?"

आप्पासोनं टोपी काढली. कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग मांडीवर थाप मारली. "मास्तर, तुमच्यापुडं हात टेकलं. लष्करातल्या सायबानं कवा माझी चूक काडली न्हाई. हाना काट त्यावर."

मास्तरांनी सहा आण्यांवर काट हाणली, शेजारी आपली सही केली, आणि त्या क्षणी आप्पासोबद्दल त्यांचं मत फार चांगलं झालं. आपण ज्याची चूक काढली त्याच्याबद्दल माणसाला एक प्रकारची माया वाटू लागते. शिक्षकाला तर वाटतेच.

"हप्ते?" तात्यांनी विचारलं.

"सही होताच चारशे. जोत्यापर्यंत काम आल्यावर चारशे. भिंती पुऱ्या झाल्यावर चारशे. कौलं चढल्यावर दोनशे. काम संपून साफसफाई झाल्यावर साठ. चौदाशे साठ. बरोबर."

"आणि त्याच्या खाली?"

"खाली काही नाही."

"बोट फिरतंय तुझं, ऐकू येतंय. कागद संपलेला नाही."

"आहे थोडा मजकूर. 'हिशेब प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे होईल' असं आहे. मग 'यात न धरलेल्या बाबी' म्हणून पाच कलमं आहेत. पण त्यात आकडे नाहीत, तात्या."

"न्हेमीचं असतंय त्ये," आप्पासो म्हणाला. "पानी तुमचं, सरकारी परमिटाचा माल तुमचा, असलं."

"आकडे नसले तर त्यात तपासायचं काय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी सही केली. चारशे रुपये मोजून दिले. आप्पासो ते न मोजता खिशात घालून गेला. मास्तरांनी दिलेले पैसे मोजायचे म्हणजे त्यांचा अपमानच झाला असता.

त्या आठवड्यात मास्तरांनी सगळ्या कागदाची आपल्या वळणदार अक्षरात नक्कल केली आणि पद्माबाईंना टपालानं पाठवली. आजारी माणसाला काही आनंदाचं वाचायला असावं, हा हेतू. न धरलेल्या बाबींची पाचही कलमं त्यांनी जशीच्या तशी उतरली. चांगल्या नकलेचा गुण हाच, की ती करताना मजकूर डोक्यात शिरत नाही.

जानेवारीत काम सुरू झालं आणि तक्रारीला जागा राहिली नाही. पडवी दोन दिवसांत उतरली. पाया खणला, दगडानं भरला, जोतं वर आलं. मास्तरांनी फूटपट्टी घेऊन जोत्याची लांबी मोजली. त्रेचाळीस. दुसरे चारशे दिले. एका सोमवारी धुळा गवंडी विटांच्या कामाला लागला. धुळा आपल्या भावाला हाताशी घेऊन काम करी, आणि दोघे मिळून सुतासारखी सरळ भिंत उचलत. मास्तर सकाळी शिकवण्या, दहाला शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवण्या, असे दिवेलागणीला घरी येत. कंदील घेऊन मागे जात, भिंतीवर हात फिरवत आणि 'आज तीन फूट' असं वहीत लिहीत.

भिंत तीन फूट झाली, चार झाली, पाच झाली. तिच्यात खिडकी कुठं दिसत नव्हती. ते मास्तरांना दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांचा समज निराळा होता. भिंतीच्या रंगाचं उदाहरण सोडवताना आपण आधी सगळ्या भिंतीचं क्षेत्रफळ काढतो आणि मग दारं-खिडक्या वजा करतो. वीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं. तेव्हा आधी भिंत, मागाहून वजाबाकी, असाच गवंड्यांचाही क्रम असणार, असं ते धरून चालले होते.

भिंत सव्वा फुटावर असताना, मंगळवारी दुपारी, पद्माबाईंचं पत्र आलं होतं. पण ते वाचलं गेलं नव्हतं. त्या घरात आरोग्यधामातलं पत्र आलं की तात्या ते चिमट्यानं धरून, लिफाफा फोडून, ताव उलगडून अंगणातल्या दोरीवर लावत. दोन्ही बाजूंना तीन-तीन पूर्ण दिवस ऊन लागल्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही, असा तात्यांचा नियम होता. कुणा डॉक्टरानं तो सांगितला नव्हता; पण तात्यांनी कोर्टात चाळीस वर्षं काढली होती, आणि मुदत कशी मोजायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एरवी दोन बाजूंचं ऊन एकाच दिवशी, सकाळ-दुपार पालटून, धरलं जाई. त्या बुधवारी आभाळ आलं. बुधवार हिशेबात धरला नाही. गुरुवारी दुपारनंतर ऊन पडलं, तो अर्धा धरला. पत्र दोरीवर पाठमोरं हलत राहिलं. त्याच्यापासून वीस हातांवर धुळा विटा लावत राहिला.

सोमवारी सकाळी तात्यांनी मुदत पुरी झाल्याचं जाहीर केलं. मास्तर दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी पत्र वाचायला घेतलं.

'सा. न. वि. वि. इकडची नक्कल पोचली. अक्षर पाहून बरं वाटलं. इथं वाचायला दुसरं काही नसल्यामुळं मी ती रोज वाचते. आता पाठ झाली आहे. शेजारच्या खाटेवरच्या राहीबाई म्हणतात, आम्हालाही ऐकवा, म्हणून त्यांनाही वाचून दाखवली. त्यांचे यजमान बांधकाम खात्यात मेस्त्री होते. त्या म्हणाल्या, विटकाम त्रेचाळीस फूट सलग धरलंय, मग खिडक्या कुठल्या भिंतीत आहेत? मी पुन्हा वाचलं. चार खिडक्या कुठंच वजा केलेल्या नाहीत. खिडकीवर कमान किंवा तुळई लागते म्हणतात, तीही नाही. आणि खाली तिसऱ्या कलमात लिहिलं आहे: दारे, खिडक्या, त्यांच्या चौकटी, गज व झडपा यात धरलेल्या नाहीत. चौथ्यात आहे, बांधलेल्या कामात मागाहून फोडफोड केल्यास वेगळी मजुरी. राहीबाई म्हणतात, चौकटी भिंत तीन फूट व्हायच्या आत गवंड्याच्या हातात पडाव्या लागतात. इकडून सगळं पाहिलं असेलच. पण मी दोन भिंतींमधून चालत येऊन तिसरीला टेकून बसते आहे असं मला रात्री दिसतं. मधुकरला दात किती आले?'

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी मोठ्यानं, तात्यांसाठी. मग साबणासकट मागच्या अंगणात गेले.

भिंती साडेसहा फूट उभ्या होत्या. तिन्ही. कोवळं ऊन पूर्वेच्या भिंतीवर बाहेरून छान पडलं होतं.

"धुळा, थांब!"

"का वं मास्तर? सूत चुकलं व्हय?"

"खिडक्या कुठं आहेत?"

धुळानं थापी खाली ठेवली. "मला काय ठावं? चौकटी आल्या न्हाईत. मी आप्पासोला दोनदा इचारलं. त्यो म्हनला, मालकास्नी कोठी काडायची असंल, तू उचल."

"कोठी!"

"आमी काय इचारनार? तुमी रोज राती कंदील घिऊन येतासा, भितीवर हात फिरवतासा, वा म्हनतासा. मी म्हनलं मास्तरास्नी अशीच पायजे."

आप्पासो तासाभरानं आला. तेवढ्या वेळात मास्तरांनी पाच कलमं पहिल्यांदाच वाचली. त्यात खरंच एकही आकडा नव्हता.

"तुम्ही मला फसवलंत," मास्तर म्हणाले.

आप्पासोला ते लागलं. खरोखर लागलं. "मास्तर, असं बोलू नगा. मी लबाडी केली असती तर लिवून दिलं असतं का? लष्करात खिडक्या इस्टोरमधनं येत्यात. आमी फकस्त भिती घेतो. न्हेमी असंच लिवतो. तुमी माजं सा आणं काडलं, आन् ह्ये न्हाई वाचलं?"

मास्तरांचा साबण गालावर वाळून पांढरा झाला होता.

"आता चौकटी किती दिवसांत मिळतील?"

"सागवान कुटं मिळतंय आज? सुताराकडं सा-सात आठवडं. चौकट, झडपा धरून नगाला पस्तीस."

एकशे चाळीस रुपये. मास्तरांकडे हप्ते वगळून चाळीस रुपये उरत होते. सात आठवडे म्हणजे पंधरा मार्च. आणि नुसत्या चौकटी. त्यानंतर छप्पर, गिलावा, फरशी.

"तवर मानसं बशीवली तर त्यांची मजुरी तुमच्यावर," आप्पासो हळू आवाजात म्हणाला. "आन् भिंत अशीच पुरी केली तर तिसरा हप्ता व्हनार. चारशे. मग फोडायचं त्ये चवथ्या कलमात."

मास्तर ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांनी आयुष्यात प्रथमच एक उदाहरण मनातल्या मनात मांडून अर्ध्यावर सोडून दिलं. त्यांना फक्त एवढं दिसत होतं की खिडकीशिवायच्या खोलीत डॉक्टर तिला येऊ देणार नाहीत, आणि मधुकर बोट दाखवत मोठा होईल.

"शाळेत सांगून ये आज येत नाही म्हणून," तात्या म्हणाले. "आणि मग तो कागद मला वाचून दाखव. पहिल्यापासून. आकडे गाळून."

मास्तर वाचत गेले. तात्या डोळे मिटून ऐकत होते. 'हिशेब प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे होईल' इथं त्यांनी हात वर केला.

"आप्पासो, हे वाक्य कुणाचं?"

"माजंच की. लष्करी कागदात असतंय. काम वाडलं तर कंत्राटदाराचं नुसकान नगं."

"आणि कमी झालं तर?"

आप्पासो डोक्यावरची टोपी चाचपू लागला.

"चिंतामण, तीन बाय चारच्या चार खिडक्या. भिंत दीड फूट. किती?"

हे मास्तरांना जमण्यासारखं होतं. "बहात्तर घनफूट. पाऊण ब्रासाला थोडं कमी. ऐंशी दरानं सत्तावन्न रुपये नऊ आणे सात पै."

"खिडक्या फोडल्या की मोजमापात सत्तावन्न रुपये कमी होणार, आप्पासो. तुमच्याच वाक्यानं."

"आवं तात्या, पन फोडायची मजुरी? वरच्या कमानी? कमान साध्या दरात बसत न्हाई."

"फोडायची मजुरी किती?"

"चार खिडक्या. हप्ताभर..."

"काय हप्ताभर?" धुळा मागून म्हणाला. आप्पासोनं त्याच्याकडे वळून पाहिलं, पण धुळा बोलायचं ते बोलून गेला. "चुना वला हाय अजून. आज काडल्या तर इटा हातानं सुटत्यात, मोडत बी न्हाईत. धा दिसांनी म्हनशीला तर घन लागंल. दोन दिस फोडाय, दोन दिस कमानीला."

"तू कुणाचा गडी रं?" आप्पासो म्हणाला.

"मी भितीचा."

तात्या हसले नाहीत. कोर्टात शिरस्तेदार हसत नसतात. "तर असं लिही, चिंतामण. मालकानं विटकामातून खिडक्यांची वजावट मागायची नाही. त्या बदल्यात कंत्राटदारानं चार खिडक्यांच्या जागा काढून, विटेच्या कमानी घालून द्यायच्या, जादा काही न घेता. पूर्वेला दोन, उत्तरेला एक, दक्षिणेला एक. आणि 'भिंती पुऱ्या' याचा अर्थ खिडक्यांसह पुऱ्या. तोपर्यंत तिसरा हप्ता नाही."

"तात्या," आप्पासो कळवळून म्हणाला, "सहीच्या दिशी का न्हाई बोलला वं ह्ये?"

"मला वाचून दाखवलं नव्हतं."

आप्पासोनं बोटांवर काही मोजलं. कागदाप्रमाणे मास्तरांनी आठशे दिले होते, आणि काम झालं होतं साडेसहाशेच्या पुढं थोडं. भांडण करून निघून जायला त्याला परवडत होतं. पण पुढचे चारशेही त्याला हवे होते, आणि सांगलीला मेव्हण्यांचं अजून एक काम बोलण्यात होतं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लिवा. पन चौकटी माज्याकडं न्हाईत."

"चौकटी नकोत," मास्तर एकाएकी म्हणाले. "डॉक्टरांनी खिडक्या रात्रंदिवस उघड्या ठेवायला सांगितल्या आहेत. जी कधी लावायचीच नाही तिला झडप कशाला? मांजर येऊ नये म्हणून कळकाच्या कामट्या लावू."

वीस वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं विधान होतं ज्यात एकही संख्या नव्हती आणि तरी ते बरोबर होतं.

धुळा आणि त्याचा भाऊ चार दिवस खपले. विटा खरंच हातानं निघाल्या. कमानी थोड्या वाकड्या झाल्या. पूर्वेची डावी उजवीपेक्षा दोन बोटं खाली. मास्तरांनी ते मोजलं, वहीत लिहिलं नाही. पहिल्या सकाळी ऊन दोन्ही खिडक्यांतून आत शिरलं आणि जमिनीवर दोन चौकोन पडले. मधुकर एका चौकोनातून दुसऱ्यात उड्या मारत बसला. त्याला तिथून हलवायला तात्यांना काठी आपटावी लागली.

तिसरा हप्ता गेला. कौलं चढली, चौथा गेला. गिलावा झाला, फरशी बसली. सहा मार्चला खोली झाडून पुसून तयार झाली. मास्तरांनी त्याच दिवशी डॉक्टरांना सविस्तर पत्र लिहिलं: खोलीची लांबी, रुंदी, उंची, आतल्या हवेचं घनफळ, एकूण भिंतींच्या क्षेत्रफळाशी खिडक्यांचं शेकडा प्रमाण, सूर्योदयाची वेळ, आणि प्रत्येक काम कुठल्या तारखेला पुरं झालं ते. काही लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पद्माबाईंना वेगळं पत्र लिहिलं. त्यात फक्त, 'खिडक्या चार आहेत. मधुकरला वीस दात आहेत' एवढंच होतं.

पुढचे काही दिवस मास्तर शाळेतून सरळ घरी येत. खोलीत एक खाट टाकली होती. तिच्यावर कोणी झोपायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःच केला होता, आणि रोज दहा मिनिटं ते तिच्यावर बसून तो मोडत.

डॉक्टरांचं उत्तर बारा मार्चला आलं. कार्डच होतं, चार ओळींचं. खोलीचं वर्णन वाचून समाधान वाटलं. खिडक्यांची योजना उत्तम आहे. मात्र भिंतींचं काम फेब्रुवारीच्या आरंभी व गिलावा त्याच महिन्याच्या शेवटी झाल्याचं आपण कळवलं आहे. नव्या चुन्याच्या बांधकामात ओल राहते, सबब रुग्णास तूर्त सांगलीस ठेवावे.

मास्तर कार्ड हातात घेऊन बसले होते तेव्हा आप्पासो शेवटच्या हप्त्यासाठी आला. साठ रुपये मागायची त्याची हिंमत होईना, म्हणून तो उभाच राहिला.

"चुना पुरा वाळायला किती दिवस लागतात?" मास्तरांनी विचारलं.

"दीड फुटी भिंत हाय. पावसाळा धरून वरीस."

"हे कागदात नव्हतं."

"ह्ये कोन लिवतंय, मास्तर?"

मास्तरांनी साठ रुपये मोजून दिले. पद्माबाई पंधरा तारखेला सांगलीला गेल्या.